पट्टा दुमडीवर येऊ नये

आमच्या प्रयोगशाळेतल्या एका बाकावर तीन वस्तू मांडलेल्या होत्या: सिग्नल जनरेटर, ॲनालॉगचे डिजिटल करणारा कन्व्हर्टर असलेले एक छोटे बोर्ड आणि संगणक. जनरेटरवर ७९२ किलोहर्ट्झची लहर लावली होती आणि तिच्यावर रेकॉर्ड केलेल्या बातम्यांचा आवाज चढवला होता. ७९२ हा आकडा मुद्दाम निवडलेला. मध्यम लहरींवर आकाशवाणीचे पुणे केंद्र याच ठिकाणी लागते, आणि पुढे जनरेटर काढून तिथे खरी एरिअल जोडायची होती. विद्यार्थ्याने बोर्डाला सांगितले, सेकंदाला ४८ हजार नमुने घे. संगणकातून बातम्या ऐकू आल्या, पण जुन्या टेबल फॅनसमोर बसून कोणी बोलावे तशा थरथरत, शब्दाशब्दाला चिरल्यासारख्या. मग त्याने दर खाली आणला, सेकंदाला ३२ हजार. आवाज स्वच्छ झाला.

त्याने दोन-तीनदा दर बदलून पाहिला. ४८ ला घरघर, ३२ ला स्वच्छ. “सर, कमी नमुने घेतले तर बिघडायला हवं ना? हे उलटं का होतंय?” हा प्रश्न अगदी योग्य आहे, आणि त्याचे उत्तर या लेखाचा विषय आहे.

शाळा-कॉलेजात आपण एक नियम शिकतो. लहरीची वारंवारता जितकी, त्याच्या दुपटीहून जास्त वेळा तिचे नमुने घ्या, नाहीतर माहिती बिघडते. या नियमाने ७९२ किलोहर्ट्झच्या लहरीला सेकंदाला सुमारे १६ लाख नमुने लागतात. पण नियमाचे हे रूप अर्धवट आहे. क्लॉड शॅनन यांनी १९४९ मधल्या ज्या शोधनिबंधात सॅम्पलिंगचा सिद्धांत मांडला, त्यातच त्यांनी नोंदवले होते की पट्टा शून्यापासून सुरू न होता वर कुठेतरी असला तरी असाच निष्कर्ष लागू होतो. महत्त्व लहर किती उंचावर आहे याला नाही, माहितीचा पट्टा किती रुंद आहे याला आहे.

पुणे केंद्राचेच उदाहरण घ्या. निवेदकाचा आवाज ७९२ च्या लहरीवर चढवला, की त्या लहरीच्या दोन्ही अंगांना त्याच्या सावल्या पडतात. त्यांना साइडबँड म्हणतात. आवाजातली ५ किलोहर्ट्झपर्यंतची वारंवारता आपण धरली, तर खालची सावली ७८७ पर्यंत आणि वरची ७९७ पर्यंत जाते. म्हणजे सांगण्यासारखे जे काही आहे ते १० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात बसले आहे. त्याखालचे ७८७ किलोहर्ट्झ आपल्या दृष्टीने रिकामे. मग त्या रिकाम्या जागेसाठी १६ लाख नमुन्यांचा खर्च कशाला? १६ बिटांचे नमुने धरले तर १६ लाखांच्या दराने तासाभराचे रेकॉर्डिंग साडेअकरा गिगाबाइटांच्या आसपास जाते, आणि ३२ हजारांच्या दराने २३० मेगाबाइटांत मावते.

आता ३२ ला काय घडते ते पाहू. यासाठी भिंतीवरचे घड्याळ पुरे आहे, फक्त मिनिटकाट्याकडे लक्ष ठेवायचे. ७९२ ला ३२ ने भागले की २४.७५ येतात, म्हणजे एका नमुन्यापासून दुसऱ्या नमुन्यापर्यंत लहरीच्या पावणेपंचवीस फेऱ्या होतात. समजा तुम्ही दर २४ तास ४५ मिनिटांनी घड्याळाकडे बघता. पहिल्यांदा मिनिटकाटा १२ वर दिसला. पुढच्या वेळी ९ वर, मग ६ वर, मग ३ वर, मग पुन्हा १२ वर. मधल्या २४ पूर्ण फेऱ्या तुम्ही पाहिल्याच नाहीत. तुम्हाला वाटेल, काटा संथपणे उलटा चालला आहे, दर खेपेस पाव फेरी मागे. नमुना घेणाऱ्या बोर्डालाही हेच दिसते. त्याच्या लेखी ती लहर ३२ च्या पाव, म्हणजे ८ किलोहर्ट्झची आहे. ७९२ ची लहर कोणतेही यंत्र न लावता, केवळ नेमक्या अंतराने बघितल्यामुळे, ८ वर येऊन बसली. जास्त वारंवारतेने कमी वारंवारतेचे रूप घेणे यालाच एलियासिंग म्हणतात. पाठ्यपुस्तकात ते संकट म्हणून येते. इथे आपण त्याच्याकडून काम करून घेतो आहोत.

आणि ४८ ला? ७९२ भागिले ४८ म्हणजे बरोबर १६.५. दर १६ तास ३० मिनिटांनी घड्याळाकडे बघा. काटा १२ वर, मग ६ वर, मग १२ वर, मग ६ वर. आता काटा सरळ चालला आहे की उलटा, हे सांगता येईल का? नाही. अर्धी फेरी पुढे आणि अर्धी फेरी मागे, दोन्ही अगदी सारखे दिसतात. ७९२ च्या किंचित वरची लहर आणि तितकीच किंचित खालची लहर नमुन्यांत एकच होऊन बसतात. वरचा साइडबँड खालच्यावर जाऊन पडतो.

बातम्यांची घरघर इथूनच येत होती. साध्या एएम प्रसारणात दोन्ही साइडबँड एकमेकांचे आरशातले रूप असतात, त्यामुळे ते एकमेकांवर पडले तरी शब्द ओळखू येतात. पण किती आवाज हाती लागेल, हे नमुना लहरीच्या कुठल्या क्षणी पडतो यावर ठरते. प्रत्येक नमुना माथ्यावर वा तळावर पडला तर पूर्ण आवाज मिळतो. लहर शून्यातून जात असताना पडला तर काहीच नाही. जनरेटर आणि बोर्ड यांची घड्याळे वेगवेगळी असल्याने हा क्षण सतत सरकत राहतो. ४८ हजारांच्या घड्याळात सेकंदाला एका नमुन्याची चूक असली, तरी ती साडेसोळापट होऊन १६ हर्ट्झच्या आसपासचा फरक पडतो, आणि आवाज सेकंदाला ३२-३३ वेळा बुडून वर येतो. तीच ती पंख्यासमोरची थरथर. रेकॉर्डिंग झाल्यावर कुठल्याही फिल्टरने ती काढता येत नाही, कारण नमुना शून्यावर पडला त्या क्षणी माहिती घेतलेलीच नव्हती.

घड्याळाने एका लहरीचे कळते. पूर्ण पट्ट्याचे काय होते हे पाहायला मी विद्यार्थ्यांच्या हाती दुकानातल्या बिलाच्या मशीनचा कागदी रोल देतो. तुम्हीही घरी करून पाहा. सव्वाआठशे मिलिमीटरचा एक तुकडा कापा. एक मिलिमीटर म्हणजे एक किलोहर्ट्झ. डाव्या टोकाला शून्य लिहा आणि ७८७ ते ७९७ मिलिमीटरपर्यंतचा भाग पेन्सिलीने रंगवा. हा आपला पट्टा. आता नमुन्यांचा दर ३२ असेल तर त्याच्या निम्म्याने, म्हणजे दर १६ मिलिमीटरवर, हा कागद हातपंख्यासारखा दुमडत जा: एक घडी पुढे, एक मागे, पुन्हा एक पुढे. शेवटी १६ मिलिमीटर रुंदीची गड्डी हातात येते. सॅम्पलिंग अख्ख्या वारंवारतांची अशीच गड्डी करते, आणि संगणकाला फक्त वरून दिसणारी ती १६ किलोहर्ट्झची रुंदी कळते. कोणती खूण कितव्या घडीतली, हे त्याला कळायला मार्ग नाही.

रंगवलेला भाग पाहा. एकोणपन्नासावी दुमड ७८४ वर पडते आणि पन्नासावी ८०० वर. आपला पट्टा या दोन दुमडींच्या मध्ये, पन्नासाव्या घडीत, दोन्हीकडे तीन-तीन मिलिमीटर मोकळी जागा सोडून बसला आहे. सम क्रमांकाची घडी उलट दिशेने येत असल्यामुळे पट्टा उलटा झाला आहे: ७९७ चे टोक ३ वर आले, ७८७ चे १३ वर, आणि मधले ७९२ बरोबर ८ वर. एएमचे दोन्ही साइडबँड सारखेच असल्याने या उलटेपणाने काही बिघडत नाही. जिथे एकच साइडबँड पाठवतात तिथे मात्र आवाजातले जाड सूर बारीक आणि बारीक सूर जाड होतात. तेव्हा एक सोडून एक नमुन्याचे चिन्ह बदलले, अधिकचे उणे केले, की पट्टा पुन्हा सुलट होतो.

आता दुसरा तुकडा घ्या आणि ४८ च्या निम्म्याने, दर २४ मिलिमीटरवर दुमडा. तेहतिसावी दुमड बरोबर ७९२ वर पडते, रंगवलेल्या भागाच्या अगदी मध्यावर. पट्ट्याचा एक अर्धा भाग दुसऱ्यावर दुमडला गेला. ध्वनिमुद्रणात जो दर सर्वांत जास्त चालतो, तोच पुण्यासाठी सर्वांत वाईट निघावा हा केवळ आकड्यांचा योग आहे. सीडीचा ४४.१ चा दरही चालत नाही, कारण त्याची छत्तिसावी दुमड ७९३.८ वर, म्हणजे पट्ट्याच्या आतच येते.

तेव्हा दर निवडण्याची अट एकच: पट्टा पूर्णपणे एका घडीत बसावा, कुठलीही दुमड त्याच्यावर येऊ नये. ही अट सूत्रात अशी लिहितात:

```
2·fH / n  ≤  fs  ≤  2·fL / (n − 1)
```

यात fs हा नमुन्यांचा दर, fL हे पट्ट्याचे खालचे टोक, fH हे वरचे टोक, आणि n हा घडीचा क्रमांक. सूत्राचा डावा भाग सांगतो की घडीची वरची दुमड पट्ट्याच्या वर राहावी. उजवा भाग सांगतो की खालची दुमड पट्ट्याच्या खाली राहावी. n ची किंमत एकपासून वाढवत नेली की चालणाऱ्या दरांच्या खिडक्या एकेक करून मिळतात, आणि दोन खिडक्यांच्या मध्ये न चालणाऱ्या दरांच्या भिंती. ३३ व्या घडीची खिडकी ४८.३० पासून पुढे सुरू होते, ३४ व्या घडीची ४७.७० ला संपते. ४८ बरोबर मधल्या भिंतीत येतो. दर वाढवत नेला की आपोआप सुरक्षित होतो, हा समज इथे साफ खोटा ठरतो.

मग सर्वांत कमी दर कोणता? पट्ट्याची रुंदी १०, तेव्हा घडी १० पेक्षा अरुंद असून चालणार नाही. ७९७ मध्ये १० चे भाग पूर्ण ७९ वेळा जातात, म्हणून n जास्तीत जास्त ७९. सूत्रात घालून पाहा: खालची मर्यादा १५९४ भागिले ७९, म्हणजे सेकंदाला २०,१७७.२ नमुने. वरची मर्यादा १५७४ भागिले ७८, म्हणजे २०,१७९.५. हे उत्तर गणिताने बिनचूक आहे. १६ लाखांऐवजी २० हजार!

परीक्षेत हे उत्तर लिहिले तर पूर्ण गुण मिळतात. बाकावर ते चालत नाही, आणि हा फरक मला विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवावासा वाटतो. खिडकीची रुंदी पाहा: दोन मर्यादांमध्ये सव्वादोन हर्ट्झचे अंतर. घडीची रुंदी १०,०८९ हर्ट्झ आणि पट्ट्याची १०,०००. दोन्ही बाजूंना मिळून ८९ हर्ट्झ मोकळे, एका बाजूला ४४. साध्या क्रिस्टलच्या घड्याळात दहा लाखात पन्नासची चूक असू शकते. २० हजारांवर ती एका हर्ट्झची झाली. पण दुमड एकोणचाळीसपट पुढे पडत असल्यामुळे तिथे ही चूक ३९ हर्ट्झ होऊन पोचते. म्हणजे एका बाजूची जवळजवळ सगळी मोकळी जागा घड्याळानेच खाल्ली. याउलट ३२ च्या दराला तीच चूक ४० हर्ट्झची होते, पण तिथे प्रत्येक बाजूला ३,००० हर्ट्झ मोकळे आहेत.

हे झाले घड्याळाचे. त्याहून मोठी अडचण आम्हाला जनरेटर काढून एरिअल जोडली तेव्हा भेटली. आमचे कॉलेज पुण्यापासून बरेच दूर आहे, तिथे पुण्याचे स्टेशन येते पण दणदणीत येत नाही. सुरुवातीला विद्यार्थ्यांनी नुसती तार थेट बोर्डाला जोडली. दर ३२ चाच. पुण्याबरोबर मुंबईही ऐकू येऊ लागली, आणि खरखर तर इतकी की शब्द लागेनात.

कागदाची गड्डी आठवा. तिच्यातून ८ मिलिमीटरवर टाचणी आरपार घातली तर ती फक्त ७९२ ला टोचत नाही; ७७६ ला टोचते, ८०८ ला टोचते, खालच्या प्रत्येक घडीला टोचते. त्या प्रत्येक ठिकाणी हवेत जे काही असेल ते सगळे ८ वर गोळा होते. मुंबईचे १०४४ किलोहर्ट्झचे स्टेशन ३२ च्या दराला १२ वर येते, आणि आपला पट्टा १३ पर्यंत पसरलेला आहे. मुंबईचेच ५५८ हे १४ वर येते, पण त्याचा खालचा साइडबँड ९ पर्यंत खाली येऊन आपल्या पट्ट्यात शिरतो. खरखरीचा हिशेब आणखी सोपा आहे. तारेवर १६०० किलोहर्ट्झपर्यंतची खरखर येत असेल आणि घडी १६ ची असेल, तर शंभर घड्यांची खरखर एकावर एक साठते. शंभरपट शक्ती.

म्हणून कन्व्हर्टरच्या आधी फिल्टर हवाच, जो ७९२ च्या आसपासचे तेवढे आत सोडील. नंतर संगणकात लावलेल्या फिल्टरचा इथे उपयोग नाही. एकदा कागद दुमडून चिकटला की घड्या वेगळ्या करता येत नाहीत. आम्ही कॉइल आणि कपॅसिटरची दोन ट्यून्ड सर्किटे एकापुढे एक लावली. प्रत्येकाचा गुणवत्ता अंक, ज्याला क्यू म्हणतात, १०० च्या घरात. मुंबई गेली. खरखर उतरली. पण रात्री आठनंतर २ किलोहर्ट्झची एक शिट्टी मात्र निवेदकाच्या आवाजामागे सतत वाजत राहिली.

ही शिट्टी कोणाची हे शोधण्याची एक चांगली युक्ती आहे, आणि ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी ती जरूर लक्षात ठेवावी. स्पेक्ट्रममध्ये पुण्याचा कॅरिअर ८ वर आणि हा पाहुणा १० वर उभा होता. दर मुद्दाम थोडा हलवा, ३२ चा ३२.१ करा. पुण्याचा कॅरिअर ८ वरून १०.५ वर सरकला, म्हणजे अडीच किलोहर्ट्झ वर, कारण तो ३२ च्या पंचविसाव्या पटीच्या खाली आहे आणि ती पट अडीचने पुढे गेली. पाहुणा मात्र १० वरून ७.५ वर आला, तितकाच पण उलट दिशेने. म्हणजे त्याच पंचविसाव्या पटीच्या, ८०० च्या, पलीकडचा तो रहिवासी. ८०० अधिक १०, म्हणजे ८१० किलोहर्ट्झवरचे कुठले तरी दूरचे स्टेशन. मध्यम लहरी रात्री लांबवर पोचतात, म्हणून तो दिवसा नव्हता. कोण किती सरकतो यावरून तो कितव्या पटीचा हे कळते, आणि कोणत्या दिशेने सरकतो यावरून पटीच्या अलीकडचा की पलीकडचा हे कळते. मुंबईचे १०४४ असते तर ते अडीच नव्हे, ३.३ ने सरकले असते.

आमच्या दोन सर्किटांनी ८१० ला फक्त विसावा हिस्सा केले होते. पुण्याचा सिग्नल बेताचा असताना ते पुरत नाही. ३२ च्या दराला फिल्टरकडून काय मागितले जाते ते पाहा. ७८४ च्या दुमडीच्या पलीकडचे ७८१ हे ७८७ वर पडते आणि ८०० च्या पलीकडचे ८०३ हे ७९७ वर. म्हणजे फिल्टरने ७८७ पूर्ण आत घ्यायचे आणि अवघ्या ६ किलोहर्ट्झवरच्या ७८१ ला दारातच अडवायचे. तिथे आमची दोन सर्किटे मिळून फक्त नवव्या हिश्श्यापर्यंत कमी करतात. २०.१८ च्या दराला हेच अंतर ८९ हर्ट्झ होते. ७९२ किलोहर्ट्झवर असा उभ्या कड्यासारखा फिल्टर कॉइल-कपॅसिटरने तयार होत नाही.

शेवटी आम्ही दर ९६ वर नेला. घडी ४८ ची झाली, ७६८ पासून ८१६ पर्यंत, आणि ७९२ बरोबर तिच्या मध्यावर, २४ वर. दोन्हीकडे १९-१९ किलोहर्ट्झ मोकळे. ८१० आता ४२ वर जाऊन बसते, आपल्या १९ ते २९ च्या पट्ट्यापासून दूर, तिथून संगणकातला फिल्टर त्याला सहज काढून टाकतो. आपल्यावर येऊन पडण्याचा धोका आहे तो ७४९ च्या खालच्या आणि ८३५ च्या वरच्या पाहुण्यांचा, आणि त्यांना तीच दोन सर्किटे शंभराव्या हिश्श्याच्या आसपास आणून सोडतात. शिट्टी गेली.

३२ आणि ९६ हे दोन्ही दर योगायोगाने चांगले निघाले नाहीत. ७९२ ची चौपट ३१६८. तिला विषम संख्येने भागले की कॅरिअर नेहमी घडीच्या बरोबर मध्यावर येतो. ९९ ने भागले तर ३२, ३३ ने भागले तर ९६. याचा आणखी एक फायदा आहे. कॅरिअर प्रत्येक नमुन्यागणिक पाव फेरी फिरत असल्यामुळे लागोपाठचे दोन नमुने एकमेकांशी काटकोनात असतात. आवाज मिळवायला त्या दोघांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की झाले. त्रिकोणमितीची कोष्टके लागत नाहीत. हात मोकळा असेल तेव्हा मी दर याच नियमाने निवडतो.

एक शंका हमखास येते: संगणकाच्या साउंड कार्डलाही ९६ चा दर असतो, मग एरिअल त्यालाच का जोडू नये? कारण साउंड कार्डच्या आतच असा फिल्टर असतो जो श्राव्य ध्वनीच्या पलीकडचे सगळे अडवतो. ७९२ किलोहर्ट्झ नमुन्यापर्यंत पोचतच नाही. बँडपास सॅम्पलिंगसाठी कन्व्हर्टरचा दर कमी चालतो, पण त्याचे दार ७९२ ला उघडे हवे. त्याची नमुना पकडण्याची वेळही तितकीच काटेकोर हवी. नमुना एका नॅनोसेकंदाने इकडेतिकडे पडला तर ८ किलोहर्ट्झच्या लहरीला ते जाणवतही नाही. पण खरी लहर ७९२ ची आहे, तिची एक फेरी सव्वा मायक्रोसेकंदात पुरी होते, आणि तिला त्या एका नॅनोसेकंदाने सिग्नलच्या अर्धा टक्का इतकी खरखर चिकटते. घड्याळाचा नेमकेपणा नेहमी मूळ वारंवारतेच्या हिशेबाने विकत घ्यावा लागतो, नमुन्यांच्या दराच्या हिशेबाने नाही. कमी दराच्या बोर्डाला स्वस्तातले घड्याळ चालेल असे समजून बरेच प्रयोग इथेच फसतात.

या गणिताला मोठी वंशावळ आहे. आर्थर कोहलेनबर्ग यांनी १९५३ मध्ये दाखवले की नमुन्यांच्या दोन रांगा एकमेकींपासून ठरावीक अंतर ठेवून घेतल्या, तर पट्टा कुठेही असला तरी त्याच्या रुंदीच्या दुपटीइतक्या दरात काम भागते. आपल्या उदाहरणात बरोबर २० हजार. आणि एका रांगेच्या सॅम्पलिंगमध्ये या खिडक्या किती अरुंद होत जातात, घड्याळाची चूक किती सोसते आणि खरखर कशी साठते, याची नीट मांडणी व्हॉन, स्कॉट आणि व्हाइट यांच्या १९९१ च्या निबंधात आहे. त्यांचाही कल सैद्धांतिक किमान दर व्यवहारात धोक्याचा आहे, हे दाखवण्याकडेच होता.

तेव्हा कोणी विचारले की अमुक पट्ट्यासाठी सर्वांत कमी दर कोणता, तर आधी उलट विचारा, तुमच्याकडे फिल्टर कोणता आहे? फिल्टरला पट्ट्याच्या कडेपासून पूर्ण बंद व्हायला जितकी जागा लागते, तिचा निम्मा भाग दोन्ही बाजूंना मोकळा सोडा, घड्याळाच्या चुकीचे थोडे त्यात घाला, आणि त्या वाढवलेल्या पट्ट्यासाठी सूत्र वापरा. मिळेल तो तुमचा किमान दर. आमच्या दोन कॉइलांसाठी तो ९६ हजार निघाला, आणि सोळा लाखांशी तुलना केली तर तो अजूनही सोळापटीहून कमी आहे.